बोर्डावर बारीक अक्षरात का?

"तुमच्या लॅबला एनएबीएल आहे, एवढे रिपोर्ट होतात, भिंतीवर सर्टिफिकेटं लागलीत. मग बाहेर ठळक लिहायला लाजता कशाला? बढाई वाटेल म्हणून?"

लाजत नाही. ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या पॅथॉलॉजी लॅबची क्वालिटी मॅनेजर म्हणून एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यतेची फाइल माझ्याकडे असते, आणि ती मान्यता टिकवायला किती राबावं लागतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे "तुम्ही फार संकोची बाई" असं कुणी कौतुकाने म्हटलं की मला चीडच येते. यात संकोचाचा काही संबंध नाही. खरं वाक्य लांब आहे आणि ते ठळक अक्षरांत मावत नाही, एवढंच.

मान्यता अख्ख्या लॅबला मिळते असं बहुतेकांना वाटतं. ती मिळते ठरावीक पत्त्यावरच्या ठरावीक चाचण्यांना. प्रमाणपत्राला एक यादी जोडलेली असते. तिला आम्ही स्कोप म्हणतो. कोणत्या नमुन्यावर, कोणत्या पद्धतीने, कोणती चाचणी, हे त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. तपासनीस येतात ते या ओळी तपासायला. एखादी चाचणी आम्ही नव्याने सुरू केली असेल, तर ती स्कोपमध्ये येईपर्यंत रिपोर्टवर तिच्यापुढे खूण करून "मान्यतेत नाही" असं सांगावं लागतं. आमच्याकडे ती खूण म्हणजे फुली, *. मग "एनएबीएल मान्यताप्राप्त लॅब" हे बोर्डावरचं वाक्य खोटं आहे का? नाही. पुरेसं आहे का? तेही नाही. माझं सगळं म्हणणं या दोन उत्तरांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

ही जागा मला दिसली ती घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या आरोग्य शिबिरात. रविवारची सकाळ होती, माणसं उपाशीपोटी रांगेत उभी होती, आणि क्लब हाउसच्या दारावर सेक्रेटरींनी हौसेने छापून घेतलेला फ्लेक्स लागला होता. "एनएबीएल प्रमाणित. 5 लाख समाधानी रुग्ण. अचूकतेची हमी." मी पोचले तेव्हा तो लागलेला होता. पाच लाखांचा आकडा त्यांनी आमच्या मार्केटिंगच्या मुलाला फोन करून विचारला होता, आणि त्याने सॉफ्टवेअरमध्ये जो सर्वांत मोठा आकडा दिसला तो सांगितला होता.

रांगेत एक काका होते. कोलशेतच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं. त्यांनी फ्लेक्स वाचला आणि मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, 2011 च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांच्या आसपास होतं. म्हणजे दर चार ठाणेकरांत एक तुमच्याकडे येऊन गेलाय?" मी म्हटलं, "नाही काका, ती चाचण्यांची संख्या असावी, माणसांची नाही." "मग रुग्ण असं का लिहिलंय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फ्लेक्स आमचा नाही हे सांगणं म्हणजे सेक्रेटरींना चारचौघांत तोंडघशी पाडणं.

मग त्यांनी पिशवीतून आमचाच मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढला. व्हिटॅमिन डीच्या पुढच्या फुलीवर बोट ठेवलं आणि तळाची बारीक ओळ वाचून दाखवली. "ही चाचणी मान्यतेत नाही, असं तुम्हीच छापलंय. आणि आज इथल्या पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी मोबाइलवर nabl-india.org उघडून आमचा स्कोप त्यांना दाखवला, कोणत्या चाचण्या आहेत, कोणत्या नाहीत. व्हिटॅमिन डीसाठीही आम्ही रोज कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना, लावतो, फुली म्हणजे चाचणी चुकीची असा अर्थ नाही, बाहेरच्या तपासनिसांनी ती अजून पाहिलेली नाही एवढाच अर्थ, हेही सांगितलं. काकांना पटलं. ते म्हणाले, "मग असंच लिहा ना." आणि बाही वर करून बसले.

पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या एक ताई टेबलावरचा आपला फॉर्म उचलून निघून गेल्या. त्यांनी अर्धंच ऐकलं होतं: पाच लाख खोटे आणि चाचणीला मान्यता नाही. पुढे सेक्रेटरींकडून कळलं, त्यांनी दुसरीकडे तपासण्या करून घेतल्या. तिथे बाहेरचा बोर्ड आमच्याहून मोठा होता आणि मान्यता एकाही चाचणीला नव्हती.

मला काकांचा राग आला नाही, असं म्हणणार नाही. दोन दिवस होता. त्यांचं म्हणणं रास्त होतं हे कळूनही होता. ज्यांनी काहीच दाखवलं नाही त्यांना कुणी काही विचारत नाही, आणि जो फुली छापतो त्याच्याच फुलीवर बोट ठेवलं जातं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

आकड्याचं मात्र मी तेव्हाच मुळापासून पाहिलं. एक माणूस येतो आणि सीबीसी, शुगर, लिपिड, थायरॉइड करून जातो. माणूस एक, बिल एक. बिलावरच्या चाचण्या चार. सॉफ्टवेअर मात्र मोजतं छापलेल्या ओळी. एकट्या सीबीसीतच हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, त्यांचे प्रकार, प्लेटलेट्स धरून पंधराहून जास्त ओळी असतात. "70 चाचण्यांचं पॅकेज" असं जिथेतिथे दिसतं ते याच मोजणीतून आलेलं असतं. तोच माणूस दर तीन महिन्यांनी एचबीए1सीसाठी येत असेल, तर तो दर वेळी नव्याने मोजला जातो. म्हणजे ओळी, चाचण्या, भेटी आणि माणसं असे चार वेगळे आकडे आहेत, आणि फ्लेक्सवर जातो तो सगळ्यांत फुगलेला. "समाधानी" हा शब्द तर कुणी मोजलेलाच नसतो. आता आम्ही आकडा दिला तर भेटींचा देतो, कोणत्या वर्षाचा ते लिहितो, आणि "नोंदवलेल्या भेटी" असंच म्हणतो. तो लहान दिसतो. पण कुणी विचारलं तर रजिस्टर उघडून दाखवता येतो.

भिंतीवरच्या सर्टिफिकेटांचंही तसंच. त्यातली बरीचशी बाह्य गुणवत्ता तपासणीची आहेत. वेल्लोरच्या सीएमसीसारख्या संस्था लॅबना ठरावीक काळाने नमुने पाठवतात, सगळ्या लॅब ते आपापल्या मशीनवर लावतात, आणि आपलं उत्तर बाकीच्यांच्या तुलनेत कुठे बसलं ते कळतं. अशा तुलनेत बऱ्याचदा झेड-स्कोअर वापरतात, म्हणजे आपलं उत्तर अपेक्षित उत्तरापासून किती लांब पडलं ते सांगणारा आकडा. तो उणे दोन ते अधिक दोनच्या आत असेल तर ठीक, दोन ते तीनच्या मध्ये असेल तर सावध व्हा, तीनच्या पलीकडे गेला तर कारण शोधून दुरुस्ती करा. पण वर्षाअखेरी चौकटीत घालण्याजोगा जो कागद येतो तो सहभागाचा असतो. लॅबने भाग घेतला, एवढंच तो सांगतो. ज्याचे स्कोअर वाईट आले त्याच्याही भिंतीवर तो लागू शकतो. आम्ही कागद काढला नाही. त्याच्याखाली एक ओळ चिकटवली: "हे सहभागाचं प्रमाणपत्र आहे. निकाल पाहायचे असतील तर काउंटरवर मागा." मागणारे थोडे असतात. त्यात डॉक्टर जास्त. ज्या फेरीत एखादा स्कोअर दोनच्या पलीकडे गेला, त्या फेरीचा कागदही त्याच फाइलमध्ये असतो, सोबत काय कारण निघालं आणि काय केलं त्याची नोंद. निवडक चांगल्या फेऱ्या दाखवल्या असत्या तर ती फाइल म्हणजे नुसती जाहिरात झाली असती.

पुरस्कारांचं थोडक्यात सांगते. "अभिनंदन, तुमच्या लॅबची निवड झाली आहे" असा फोन येतो तेव्हा मी विचारते: परीक्षक कोण होते, काय मोजलं, आणि पैसे भरले नाहीत तरी पुरस्कार मिळेल का? बहुतेक वेळा संभाषण तिसऱ्या प्रश्नावर संपतं. ज्या पुरस्काराबद्दल या तीन गोष्टी एका ओळीत सांगता येतात, तो मी खुशाल छापेन, ठळकही छापेन.

शिबिराच्या आधीची मी वेगळंच म्हणायची. काहीच लिहू नये, काम बोलेल. आता तिच्याशी माझं भांडण आहे. साड्यांचं काम बोलतं, कारण साडी हातात घेऊन बघता येते. रिपोर्टमधला 5.8 बरोबर की चूक, हे तो हातात धरणाऱ्याला कसं कळणार? त्याच्याकडे बाहेरच्या कुणीतरी तपासून दिलेल्या कागदाशिवाय दुसरा आधार नाही, आणि तो कागद मी नम्रपणाच्या नावाखाली कपाटात ठेवला तर नुकसान त्याचंच आहे. म्हणून काउंटरवर लिहिलं आहे: "आयएसओ 15189 नुसार एनएबीएल मान्यता, या पत्त्यासाठी. मान्यतेतल्या चाचण्यांची यादी इथे मागा. रिपोर्टवर * असलेल्या चाचण्या मान्यतेत नाहीत; का, ते विचारा." बाहेरच्या बोर्डावर यातलं पहिलं वाक्य आहे, बारीक अक्षरात, कारण त्यात पत्ता आणि प्रमाणपत्राचा क्रमांकही बसवायचा होता.

पण ती जुनी मी पूर्ण चुकीची होती असंही म्हणवत नाही. त्या ताई फॉर्म उचलून गेल्या त्या खुलाशामुळेच गेल्या. काहीच लिहिलं नसतं तर कदाचित थांबल्या असत्या.

आणि सध्याचा वाद तर याहून अवघड आहे. एकदा दिलेला रिपोर्ट दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला, असं दर महिन्याला किती वेळा झालं याची नोंद आम्ही ठेवतो. कधी वय चुकीचं टाइप झालेलं असतं, कधी नावाचं स्पेलिंग, क्वचित खुद्द आकडा. माझं म्हणणं, हाच आकडा बाहेर लावू, कारण लॅबबद्दल यापेक्षा जास्त सांगणारा आकडा माझ्याकडे नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, शेजारचा लावत नाही तोवर वाचणाऱ्याला तुलना कशाशी करायची ते कळणार नाही, त्याला वाटेल चुका आम्हीच करतो. मी अजून त्यांना पटवू शकलेले नाही, आणि त्यांनाही मला गप्प करता आलेलं नाही. पुढच्या मॅनेजमेंट रिव्ह्यूच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा घेतला आहे.