आमची वाटचाल : तूप, पनीर, दही आणि स्निग्धांशाचा हिशेब

आमच्या गोठ्यात म्हशी अधिक आणि गायी कमी आहेत. पूर्वी सगळे दूध संकलन केंद्रावर जात असे आणि तेथे फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांशाखेरीजचे घन घटक पाहून दर ठरत असे. तूप, पनीर आणि दही तयार करून थेट शहरातील ग्राहकांना द्यायचे ठरवल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की हा पदार्थ करण्याचा व्यवसाय असला तरी मुळात तो दुधातील दोन भागांच्या वाटणीचा व्यवसाय आहे. एक भाग स्निग्धांशाचा, दुसरा प्रथिने, साखर आणि क्षार यांचा. तूप पहिलाच भाग वापरते, पनीर आणि दही दोन्ही वापरतात. कोणत्या दिवशी कोणत्या पदार्थाला किती दूध द्यायचे, यावरच आमचा सारा हिशेब अवलंबून राहिला.

सुरुवात आम्ही तुपापासून केली, कारण ते बर्फाशिवाय शहरापर्यंत पोहोचते आणि एखादी मागणी रद्द झाली तरी वाया जात नाही. सात टक्के फॅटच्या शंभर किलो म्हशीच्या दुधात सात किलो स्निग्धांश असतो. सेपरेटरमधून क्रीम काढताना, लोणी घुसळताना आणि कढवल्यावर बेरीत राहणारा थोडा थोडा अंश वजा केला, की हाती सव्वासहा ते साडेसहा किलो तूप येते. मात्र त्याच वेळी समोर ऐंशी-पंच्याऐंशी किलो सायविरहित दूध उभे राहते. दुधातील जवळजवळ सगळी प्रथिने त्यात असतात. त्याला गिऱ्हाईक नसेल, तर केवळ तुपाच्या जोरावर दूध केंद्रावर घालण्यापेक्षा फारसे अधिक पदरी पडत नाही. शुद्ध तुपाची जाहिरात करणाऱ्या अनेकांच्या हिशेबात हा सायविरहित दुधाचा रकाना कोराच असतो, आणि नव्याने या धंद्यात येणाऱ्याने तो आधी भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यावरचा आमचा मार्ग पनीरमधून निघाला. सात टक्के फॅटच्या दुधाचे पनीर मऊ होते, पण त्याला लागतो त्याहून अधिक स्निग्धांश त्यात जातो आणि थोडा दूध फाडल्यावर सुटणाऱ्या पाण्याबरोबर, म्हणजे निवळीबरोबर, वाहूनही जातो. सहा टक्के फॅटच्या म्हशीच्या दुधाचे पनीर घट्ट, कापायला चांगले आणि तरीही मऊ होते. पनीरच्या कोरड्या भागात निम्मा तरी स्निग्धांश असावा, हे अन्नसुरक्षेचे मानकही त्यात सहज पाळले जाते. म्हणून पनीरच्या दिवशी आम्ही शंभर किलो दुधापैकी साधारण साडेसोळा किलोच, चाळीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंत कोमट करून, सेपरेटरमधून काढतो. त्यातून सुमारे अडीच किलो दाट क्रीम मिळते, आणि उरलेले चौदा किलो सायविरहित दूध आम्ही पुन्हा मूळ दुधात मिसळतो. आता साडेसत्याण्णव किलो दूध बरोबर सहा टक्क्यांवर येते, त्याचे एकोणीस-वीस किलो पनीर होते आणि बाजूला काढलेल्या क्रीममधून किलोभर तूप निघते. सायविरहित दुधाचा एक थेंबही वेगळा उरत नाही. वरवर साधी दिसणारी ही मिसळणूक आमच्या उत्पन्नात पडलेला सर्वांत मोठा फरक आहे.

पनीरच्या कृतीत तापमान आणि आम्ल या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दूध नव्वद अंशांपर्यंत तापवून काही मिनिटे तसेच ठेवायचे, मग सत्तर अंशांपर्यंत खाली येऊ द्यायचे आणि तेवढ्याच गरम केलेल्या पाण्यातील एक टक्का सायट्रिक ॲसिडचे द्रावण हळूहळू सोडत, हलक्या हाताने ढवळत राहायचे. पाणी हिरवट-पिवळे आणि स्वच्छ दिसू लागले की द्रावण घालणे लगेच थांबवायचे. ते दुधासारखे गढूळ राहिले, तर आम्ल कमी पडले आहे आणि प्रथिने निवळीत चालली आहेत असे समजावे. स्वच्छ झाल्यावरही द्रावण घालत राहिले, तर पनीर आंबूस आणि भुसभुशीत होते. नव्वद अंशांवरच फाडलेले पनीर कोरडे व कडक होते, आणि दूध फार निवल्यावर फाडले तर ते ओलसर राहून तुकडे करताना मोडते. साच्यात दाबल्यानंतर लाद्या दोन-तीन तास अतिथंड पाण्यात बुडवून ठेवतो, आणि हा वेळ आम्ही घाई असली तरी कमी करत नाही. आतला गाभा थंड न होता पाकीट बंद झाले, तर पृष्ठभागावर बुळबुळीत थर लवकर धरतो आणि ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच वास बदललेला असतो.

उरलेल्या निवळीचा प्रश्न लहान वाटतो, पण शंभर लिटर दुधामागे पाऊणशे लिटरहून अधिक निवळी निघते आणि तिच्यात दुधातील बहुतेक साखर असते. ती ओढ्यात किंवा गटारात सोडली, तर कुजून पाण्यातील प्राणवायू ओढून घेते. आम्ही ताजी निवळी थोड्या प्रमाणात जनावरांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळतो. काही निवळी झाकून आंबवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पनीरसाठी सायट्रिक ॲसिडऐवजी तीच वापरतो. आंबट निवळीने फाडलेल्या पनीरची चव अधिक सौम्य लागते, असे अनेक ग्राहक स्वतःहून सांगतात.

तुपाकडे परत येतो, कारण आमच्या ग्राहकांचे सर्वाधिक प्रश्न तुपाबद्दलच असतात. क्रीम तसेच न कढवता आम्ही त्याला विरजण लावतो, दुसऱ्या दिवशी थंड करून घुसळतो आणि निघालेले लोणी धुऊन कढवतो. निघालेले ताक दह्याच्या गाडीनेच शहरात जाते. कढवताना आधी मोठे बुडबुडे आणि दाट फेस येतो. पाणी उडत जाते तसा आवाज मंदावतो, फेस बारीक होतो आणि तळाला बेरी बदामी रंगाची होऊ लागते. त्याच क्षणी पातेले उतरवायचे, कारण पातेल्याच्या स्वतःच्या उष्णतेने बेरी पुढेही थोडी भाजत राहते. आधी उतरवले तर तुपात पाणी राहते आणि ते महिन्याभरात खवट वास धरते. उशीर झाला तर तूप तांबूस होऊन करपट चव येते.

गाळलेले तूप फ्रीजमध्ये न ठेवता खोलीत संथपणे निवू द्यायचे, म्हणजे मोठे रवे पडतात. झपाट्याने थंड केलेले तूप एकसारखे, मेणासारखे थिजते. ते खराब नसते, पण ग्राहकाला हवा असलेला रवाळपणा त्यात येत नाही. उन्हाळ्यात बरणीत खाली रवा आणि वर पातळ थर दिसू लागला, की तेल मिसळल्याची शंका घेणारे फोन येतात. तुपातील वेगवेगळ्या घटकांचे वितळण्याचे तापमान वेगळे असते, त्यामुळे थोड्या उबेत काही भाग पातळ होतो आणि काही दाणेदार राहतो. हे आम्ही बरणीवरच्या चिठ्ठीत छापतो. जनावरांच्या आहारात सरकी पेंड वाढली की तूप अधिक घट्ट आणि मोठ्या रव्याचे होते, आणि तेही त्या चिठ्ठीत लिहिलेले आहे. रंगाविषयीही असेच आहे. गायीच्या तुपाचा पिवळेपणा चाऱ्यातून येणाऱ्या कॅरोटीनचा असतो, म्हशीचे तूप स्वभावतःच पांढरे असते.

दही सर्वांत सोपे समजले जाते, पण शहरात पोहोचवताना तेच आमची सर्वाधिक परीक्षा घेते. दूध नव्वद अंशांच्या जवळ आठ-दहा मिनिटे ठेवले, की त्यातील एरवी निवळीत जाणारी प्रथिने केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाला धरून राहतात आणि दह्याला पाणी कमी सुटते. ते बेचाळीस अंशांवर आल्यावर एक-दीड टक्का ताजे विरजण मिसळून आम्ही थेट ग्राहकाच्या डब्यातच लावतो. मोठ्या भांड्यात लावलेले दही नंतर भरले, तर त्याची घडण मोडते आणि प्रवासात वर पाणी जमते. डब्यातील दही घट्ट झाल्याबरोबर, अजून गोडसर असतानाच, शीतकपाटात जाते. आंबटपणा थंडीतही हळूहळू वाढतच राहतो, म्हणून उशिरा थंड केलेले दही सकाळी चांगले आणि संध्याकाळी आंबट होते.

दही न लागण्याचे एक कारण मुद्दाम नमूद करतो. कासदाह झालेल्या जनावराला प्रतिजैविक दिले असेल, तर औषधाचा अंश काही दिवस दुधात उतरतो, उकळूनही तो पूर्ण जात नाही आणि विरजणातील जिवाणूंना वाढू देत नाही. म्हणून औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराचे दूध आम्ही पूर्ण वेगळे काढतो. मुदत संपल्यावरही वाटीभर दुधाला विरजण लावून पाहतो. ते नेहमीच्या वेळेत लागले, तरच त्या जनावराचे दूध पुन्हा मोठ्या भांड्यात मिसळले जाते. दही न लागल्याने ग्राहकाला औषधाचा अंश कळू शकतो, तसा पनीर किंवा तूप पाहून कळत नाही. त्यामुळे या वाटीवर आमचा फार विश्वास आहे.

या तिन्ही पदार्थांचे वेळापत्रक शहराच्या सवयीनुसार बसले आहे. दह्याची मागणी रोजची आणि बरीचशी ठरलेली असते, म्हणून पहिले दूध त्याला जाते. पनीर सुट्टीच्या आदल्या दिवशी हवे असते. त्याची मागणी गुरुवारी रात्रीपर्यंत घेतो, शुक्रवारी तयार करतो आणि पाकिटे बर्फाच्या पेट्यांतून शनिवारी सकाळी घरोघरी देतो. मागणी नोंदवल्याखेरीज पनीर करायचे नाही, हा नियम आम्ही पाळतो. दोन्हींतून उरेल ते दूध तुपाकडे वळते, कारण तुपाला थांबता येते. ज्या दिवशी उरलेले सगळे दूध तुपाकडे न्यावे लागते, त्या दिवशीचे सायविरहित दूध दुसऱ्या दिवशीच्या पनीरच्या किंवा दह्याच्या दुधात, फॅट मोजून, वापरतो. त्यासाठी ते तापवून ताबडतोब पाच अंशांखाली थंड करणे आवश्यक असते, आणि शीतकरणाची टाकी घेण्याचा खर्च आम्हाला याच कामामुळे योग्य वाटला.

गायीच्या तुपाची मागणी मात्र आम्हाला पूर्ण करता येत नाही. चार टक्के फॅटच्या दुधाचे एक किलो तूप होण्यासाठी सुमारे सत्तावीस किलो दूध लागते, म्हशीच्या दुधाचे सोळा किलोत भागते, आणि आमच्या गायी मोजक्या आहेत. बाहेरचे दूध घेऊन मागणी भागवता येईल, पण त्या जनावरांच्या औषधांची आणि आहाराची नोंद आमच्या हाती राहणार नाही. म्हणून गायीच्या तुपासाठी नावे नोंदवून घेतो, तूप तयार होईल तशी क्रमाने कळवतो, आणि ज्यांना थांबायचे नाही त्यांना म्हशीचे तूप रंगातील फरक आधी सांगून देतो.