'अमोलेड' काढलं आणि रेनकोट घातला: एका घड्याळाच्या हेडलाईनचा माझा अनुभव

मी म्हापशात बसून जाहिरातींची कॉपी लिहितो, म्हणजे दुकानांची पत्रकं, बोर्ड, चतुर्थीच्या ऑफर्स असलं सगळं. जूनच्या शेवटी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराचं काम आलं. त्याने एका स्मार्टवॉचचा बऱ्यापैकी मोठा लॉट उचललेला, किंमत दोन हजारांच्या आत, आणि चतुर्थीच्या आधी संपवायचा होता. हेडलाईन त्याने स्वतःच करून आणलेली: '१.४३ इंची अमोलेड, ४१० एमएएच, आयपी६८, ब्लूटूथ कॉलिंग!' स्क्रीन, बॅटरी, पाण्यापासूनचं संरक्षण, सगळं पाठ झाल्यासारखं घडाघडा म्हणाला बिचारा.

मी विचारलं, शेठ, तुमच्याकडे घड्याळ घ्यायला येतं कोण? तर म्हणाला, मार्केटातले लोक, पायलट, बँकेतल्या बायका, मुलाने सांगितलं म्हणून येणारे बाबा. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पायलट म्हणजे विमानवाला नव्हे, पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून भाड्याने सोडणारा.) यातल्या कुणाला एमएएच कळतं? यावर तो गप्प. मग म्हणाला, पण बॉक्सवर लिहिलंय ना.

शुक्रवारच्या बाजारात त्याचीच हेडलाईन मोठ्या अक्षरात छापून घेऊन गेलो. माझी पद्धत साधी आहे, कागद तीन सेकंद दाखवायचा, उलटा करायचा, आणि विचारायचं काय आठवतं. पाच जणांना विचारलं. दोघांना फक्त 'ब्लूटूथ' आठवलं, एकाला 'इंची', आणि एका फुलवाल्या बाईने मलाच उलट विचारलं, ते चारशे दहा म्हणजे किंमत का? तेव्हा स्वस्त वाटलं तिला. म्हणजे आकडा कळला नाही इतकंच नाही, चुकीचा कळला.

मग घरी येऊन वहीत दोन कॉलम केले, डावीकडे बॉक्सवरचं स्पेक आणि उजवीकडे 'मग काय?' याचं उत्तर, आणि उत्तरात माणूस, जागा आणि वेळ असल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. एमएएचसमोर आलं 'आठवडाभर चार्जरला सुट्टी'. हे मला भलतंच आवडलं, दोन दिवस त्यावरच बसून होतो. नशीब की शेठकडून एक पीस मागून हातात घातला होता. बॉक्सवर 'दहा दिवसांपर्यंत' होतं, पण कॉलिंग चालू, हृदयाचे ठोके सतत मोजणं चालू, असं वापरल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मान टाकली त्याने. ते 'पर्यंत' कंपनीच्या हलक्या वापराचं असतं. आणि जो कॉलिंगसाठीच घेणार, तो कॉलिंग बंद ठेवून दहा दिवस कशाला मोजेल? हेडलाईन खोडली. जीवावर आलं, पण खोडली.

शेठला मग घड्याळ रक्तातला ऑक्सिजन मोजतं त्यावरून पर्याय सुचला, 'मनगटावरचा डॉक्टर'. हे तर मी ऐकल्या ऐकल्या नाही म्हटलं. असल्या घड्याळासोबतच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की हे वैद्यकीय उपकरण नाही. वर मोठ्या अक्षरात डॉक्टर आणि खाली बारीक अक्षरात 'डॉक्टर नाही', हे चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ साली केंद्राने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात हेच आहे, मुख्य दावा फसवा असेल तर खालच्या सूचनेने तो दुरुस्त करता येत नाही. आयपी६८ वरूनही त्याला 'समुद्रात घाला' असं हवं होतं. ते रेटिंग साध्या पाण्यातलं, ठरावीक खोलीचं आणि वेळेचं असतं, खारं पाणी आणि लाटांचा मार यासाठी नाही. कळंगुटला कुणी घालून पोहला आणि बंद पडलं की तो परत येणार शेठच्याच काउंटरवर.

तर उरलं काय? कॉलिंग. आणि बाहेर धो धो पाऊस.

बस स्टँडजवळच्या पायलट स्टँडवर एक ओळखीचा काका आहे, त्याला घड्याळ दाखवून विचारलं, तुला याचा काय उपयोग? तो म्हणाला, 'पावसांत फोन भायर काडूंक मेळना रे.' रेनकोटच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या खिशात फोन. वाजला तरी पावसाच्या आवाजात ऐकूच येत नाही आणि भाडं जातं. मी लगेच लिहिलं: 'पावसात फोन खिशात, बोलणं मनगटावर'. मला वाटलं झालं काम.

पण काकाने घड्याळ हातात घालून वर रेनकोट चढवला आणि माझी हेडलाईन जागच्या जागी मेली. बाहीला इलॅस्टिक! घड्याळ पूर्ण आत. बाही वर सरकवली तर काचेवर पाण्याचे थेंब, आणि थेंबालाच बोट समजून स्क्रीन आपली आपण इकडे तिकडे पळतेय, कॉल उचलायला चार वेळा बोट फिरवलं. त्यात गाडी चालवताना मनगटाशी बोला असं सुचवणारी ओळ मी कशी लिहू, उद्या कोणी पडला म्हणजे?

तेवढ्यात मी सहज त्याला फोन लावला, बाही खालीच होती, आणि काका म्हणाला, 'थरथरलं बघ!'

तेच होतं ते. बघायला नको, बोलायला नको, फक्त फोन आल्याचं कळायला हवं. गाडी बाजूला घ्यायची, आडोशाला जायचं, मग फोन काढायचा. घरी येऊन लिहिलं:

फोन रेनकोटच्या आत वाजला, तरी मनगटाला कळतं.

'मनगटाला कळतं' यासाठी बराच खेळलो. 'तुम्हाला कळतं' सपाट वाटलं, 'मनगट सांगतं' कवितेत गेलं. बोर्डासाठी लांब आहे हे मान्य, म्हणून दोन ओळींत तोडली, 'वाजला' नंतर. खाली लहान अक्षरात, पण वाचता येईल अशा: 'फोन जवळ आणि ब्लूटूथ चालू हवा. पावसाचे शिंतोडे चालतील, समुद्र नको.' अमोलेड वगैरे पत्रकाच्या मागच्या बाजूला, ज्याला हवं तो वाचेल. यावर शेठशी अर्धा तास वाद झाला, कारण समोरच्या दुकानाच्या बोर्डावर अमोलेड आहे. शेवटी मी परत शुक्रवारी बाजारात गेलो, तेच तीन सेकंद, दुसरे पाच जण. चौघांनी रेनकोट म्हटलं, आणि एकीने तर आपल्या नवऱ्याची गोष्टच सांगायला घेतली. तेव्हा शेठ मानला.

बोर्ड लागला, माणसं 'ते रेनकोटवालं घड्याळ' मागत आली. पण आठवड्याने शेठचा रात्री दहाला फोन, तिघे परत आलेत, थरथरत नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर घड्याळ बरोबर, फोनच बॅटरी वाचवायला घड्याळाचं ॲप मागून बंद करत होता, एकाने तर नोटिफिकेशनची परवानगीच दिली नव्हती. आता दुकानातला पोरगा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये परवानगी देतो, ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळतो, मग दुकानाच्या फोनवरून एक कॉल लावून गिऱ्हाइकाला थरथर दाखवतो आणि तेव्हाच बिल करतो. शेठ म्हणतो, तुझ्या एका ओळीमुळे प्रत्येक पीसमागे दहा मिनिटं जातात. माझ्या बिलाचे पैसे मात्र त्याने अजून अर्धेच दिलेत.