"बघतो, जमवतो" म्हणणाऱ्या पाहुण्यांकडून हो-नाही काढून घेताना

मे महिन्यात मुलाची मुंज झाली. हॉल, गुरुजी, पत्रिका सगळं पटापट मार्गी लागलं, अडकलं ते पानांच्या आकड्यावर. केटररचं म्हणणं सरळ होतं, रविवारचं कार्य तर गुरुवारी संध्याकाळी फायनल आकडा द्या, तेवढ्या पानांचे पैसे लागणारच, दहा टक्के जास्त आले तर तो भागवणार. आणि इकडे निम्मे नातेवाईक "प्रयत्न करतो"! खरंच सांगते, नाही म्हणणाऱ्यांचा राग येत नाही, पण या उत्तराचं करायचं काय?

सगळ्यात ताणलं ते नाशिकच्या मावसभावाने. घरात पाच माणसं, शिवाय शनिवारी रात्री त्यांच्यासाठी लॉजवर दोन रूम अडवून ठेवलेल्या. मेसेज केला की अंगठा यायचा, फोन केला की "अगं बघतो ना, जमवतोच". "येताय ना?" असं विचारलं की समोरच्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून मग सरळ व्यवहाराचं बोलले. "दादा, केटररला आकडा द्यायचाय. तुमची पाच पानं आणि दोन रूम धरू की सोडू? नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही, पण मला बुधवारी रात्रीपर्यंत सांग." (केटररची मुदत गुरुवारची असली तरी पाहुण्यांना बुधवारच सांगायचा, एक दिवस हातात राहतो.)

तरी "बघतो"च! मग विचारलं, नक्की कशावर अडलंय? तेव्हा कळलं की मुलीची सीईटी त्याच आठवड्यात होती आणि हॉल तिकीट आलं नव्हतं, म्हणजे तो टाळत नव्हता, त्यालाच माहीत नव्हतं. पण त्यासाठी पाचही जण कशाला अडकायला हवेत? "परीक्षा काहीही असो, कोण येऊ शकतं?" तर लगेच म्हणाला, मी आणि आई नक्की, बाकी तिघं नको धरू. झालं! फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज टाकला, "2 पानं, 1 रूम, शनिवार रात्र", आणि त्यावर त्याचा "हो" घेतला. लेखी असलं की नंतर वाद नाही.

हो, आणि हे फॅमिली ग्रुपवर अजिबात विचारू नका, एकाने "बघू" लिहिलं की सगळे तेच लिहितात. एकेकाला फोन करा, आणि घरात ज्यांच्या हातात ठरवणं असतं त्यांनाच, बऱ्याचदा त्या वहिनी असतात.

म्हाताऱ्या आत्याला मात्र असली मुदत घातली नाही. तब्येतीवर आहे तिचं, तिचं पान मी धरूनच ठेवलं.

बुधवारी रात्री ज्यांचं काहीच आलं नाही त्यांना एवढंच लिहिलं, "सध्या तुमची पानं धरत नाही, आयत्या वेळी जमलं तर शनिवारी सकाळपर्यंत फोन करा, त्या दहा टक्क्यांत बसवते." त्यावर लगेच काहींचे "अगं येतोय आम्ही" असे फोन आले, गुरुवारी आकडा देण्याच्या आत.