तुम्ही विचारलंत म्हणून: रोजचा फोन कमी करताना

«आम्ही दोघं वेगवेगळ्या शहरांत राहतो. रोज रात्री दीड-दोन तास फोन चालतो आणि आता मला ते झेपत नाही. पण तसं म्हटलं तर त्याला वाटेल की मी दूर चालले आहे. कोरडं न वाटता हे कसं सांगायचं?»

माझ्या बाबतीत हे सांगणे पहिल्या खेपेस पूर्ण फसले, त्यामुळे आधी ते कसे फसले तेच सांगते. रात्रीचे पावणेबारा झाले होते, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला होता, मी एका डोळ्याने दुसऱ्या दिवशीची कामे पाहत होते आणि त्याने तिसऱ्यांदा «आणखी काय?» असे विचारले. मी वैतागून म्हणाले, «आपण रोज बोललंच पाहिजे का?» तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, «ठीक आहे, तुला वेळ असेल तेव्हा कर.»

पुढचे अकरा दिवस आमच्या फोनांची संख्या निम्म्यावर आली, पण फोनने माझ्या डोक्यात व्यापलेली जागा दुप्पट झाली. आपण फोन केला तर गळेपडूपणा वाटेल म्हणून तो करीत नसे, आणि मी केला तर तो कर्तव्य म्हणून केल्यासारखा वाटे. ‘वेळ असेल तेव्हा’ ही व्यवस्था समजूतदार वाटते, परंतु वाट पाहणाऱ्यासाठी ती सर्वांत जाचक असते, कारण आज फोन येणार नाही हे त्याला झोपेपर्यंत कळतच नाही. मी त्याच्याकडून एक ठरलेली गोष्ट काढून घेतली होती आणि तिच्या जागी काहीच ठरवून दिले नव्हते. त्याला जो कोरडेपणा जाणवला, तो फोन कमी झाल्याचा नव्हता, या अनिश्चिततेचा होता.

जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याला मागणी आणि माघार यांचे चक्र म्हणतात, ते येथेच सुरू होते. एक जण अधिक मागतो, दुसरा मागे सरतो, त्या मागे सरण्याने पहिल्याची मागणी वाढते आणि वाढलेल्या मागणीने दुसरा आणखी मागे सरतो. म्हणून मर्यादा घालायची असेल तर ती पुढे होऊन, आपण होऊन, नेमक्या शब्दांत मांडावी लागते. फोन उशिरा उचलून, ‘हं’ ‘हं’ करून किंवा बॅटरी संपल्याचे सांगून ती मांडता येत नाही.

दुसऱ्या खेपेस मी रविवारची सकाळ निवडली, आणि फोनच्या शेवटी न बोलता सुरुवातीच्या दहा मिनिटांतच बोलले, म्हणजे त्यानंतर त्याच फोनवर भरपूर गप्पा व्हायला वाव राहील. मी म्हटले ते साधारण असे होते: «मला तुझ्याशी बोलायला आवडतं, पण रात्री साडेदहानंतर मी अर्धवट झोपेत असते आणि तुझ्या वाट्याला माझं उरलंसुरलं येतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार आपण साडेआठला पाऊण तास बोलू या आणि रविवारी सकाळी हवं तितकं. बाकीच्या दिवशी झोपण्यापूर्वी मी तुला काहीतरी पाठवीन. महिनाभर करून बघू.» यात ‘तू फार फोन करतोस’ हे कुठेही नाही, कारण दमणारी मी होते. काय कमी होणार त्याच्या आधी काय राहणार हे आले, तेही वार आणि वेळेसकट. ‘मला स्पेस हवी आहे’ हे वाक्य मी मुद्दाम टाळले. किती जागा आणि किती दिवस, हे त्यात नसते आणि ऐकणारा नेहमी सर्वांत वाईट अर्थ धरतो.

त्याने लगेच होकार दिला नाही. बुधवारी त्याला जमत नव्हते म्हणून आम्ही गुरुवार धरला. मग त्याने खरा प्रश्न विचारला: «मंगळवारी काही झालं तर?» हा आक्षेप मला मान्य होता, म्हणून आम्ही एक पळवाट ठेवली. दोघांपैकी कोणीही ‘आत्ता बोलायचं आहे’ एवढे लिहिले की दुसऱ्याने कारण न विचारता फोन करायचा. पहिल्या महिन्यात ती चार वेळा वापरली गेली आणि त्यांपैकी दोन वेळा मीच वापरली.

अडचण आली ती ‘फक्त दोन मिनिटं’ या फोनांची. पहिल्या आठवड्यात असे दोन फोन मी घेतले आणि दोन्ही पन्नास मिनिटे चालले. कधी घ्यायचे आणि कधी नाही असे केले की पुन्हा पुन्हा फोन करून पाहण्याचीच सवय लागते, हे ध्यानात आल्यावर मी तिसऱ्या वेळी लिहिले: «आत्ता घेत नाही, उद्या साडेआठला आहेच. तातडीचं असेल तर लिही.» नकारात पुढची वेळ सांगितली की नकाराची धार बोथट होते. फोन संपवतानाही तेच केले. पाऊण तास झाल्याबरोबर ठेवण्याऐवजी पस्तिसाव्या मिनिटाला «दहा मिनिटं आहेत, तुझं काही सांगायचं राहिलंय का?» असे विचारू लागले. आणि ज्याने मर्यादा घातली त्याने वक्तशीरपणात कसूर करता कामा नये. माझ्याकडून फोन चुकणार असेल तर पर्यायी वेळ मीच, आधी कळवत असे.

मधल्या दिवसांचा निरोपही मोघम असून चालत नाही. ‘गुड नाईट’चे चित्र पाठवण्यापेक्षा त्याने पाठवलेली, लिफ्ट पुन्हा बंद पडून पाच मजले चढल्याची धापा टाकत केलेली वीस सेकंदांची तक्रार मला अधिक जवळची वाटली. 2013 साली ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की दूर राहणाऱ्या जोडप्यांचा दिवसभरातील संवाद एकत्र असणाऱ्यांपेक्षा कमी वेळा होत होता, तरी त्यांना जवळीक अधिक जाणवत होती, कारण ती मनातले अधिक उघड करीत होती. (एकमेकांविषयी थोडे गोड चित्र रंगवण्याचाही त्यात वाटा होता, हे त्याच अभ्यासात आहे.)

मात्र हे सगळे थकव्यावरचे उपाय आहेत. तुम्ही कुठे आहात, सोबत कोण आहे हे पाहण्यासाठी फोन होत असेल आणि एक चुकला की जाब विचारला जात असेल, तर तो पाळतीचा प्रश्न आहे आणि तो वेळापत्रकाने सुटत नाही. उलट, ठरलेला फोनही रद्द झाल्यावर तुम्हालाच हायसे वाटू लागले, तर अडचण फोनच्या संख्येची नाही, हे स्वतःशी कबूल करावे. आमच्याकडे फरक वेगळ्या ठिकाणी दिसला: तिसऱ्या आठवड्यापर्यंत «आणखी काय?» हा प्रश्न बंद झाला होता, कारण दोघांकडेही साठवलेले काहीतरी असे.

महिना संपल्यावर ठरल्याप्रमाणे आम्ही पुन्हा बोललो. शुक्रवारी संध्याकाळी मित्रांबरोबर खेळायला जायचे म्हणून त्यानेच तो फोन काढून टाकू या असे सुचवले. मी लगेच होकार दिला आणि, खरे सांगायचे तर, मला थोडे लागले.