वहीतलं १२.३

मार्चअखेरची संध्याकाळ होती. सीताबर्डीच्या आमच्या बुटांच्या दुकानात एक आजी नातीला कडेवर घेऊन आल्या, मागे मुलीची आई. आजींनी जोडी काउंटरवर ठेवली. "भाऊ, संक्रांतीआधी तुमच्याकडूनच नेले होते हे. पोट्टी छान चालून राहिली होती. आता बाहेर नेलं की दोन पावलं टाकते अन् खाली बसते." आईने हाडांच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती.

मी मुलीला अनवाणी खाली उभं केलं. ती तुरुतुरु चालत आरशापर्यंत गेली, वाकून आरशावर हात मारला आणि परत आली. लंगडणं नाही, पाय ओढणं नाही. बूट घातले, तर तिसऱ्या पावलाला फतकल मारली.

आम्ही मापांची वही ठेवतो. जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद होती: वय १३ महिने, पाऊल १२.३ सेंमी, २० नंबर. त्या बुटाची आतली लांबी १३.४ होती, म्हणजे पुढे ११ मिलिमीटर जागा. सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जागा ठेवतात, त्यामुळे तेव्हा मी निश्चिंत होतो. तळही चांगला होता, दोन बोटांनी चवड्याजवळ सहज वाकणारा.

मी आतली गादी बाहेर काढली. कापडावर पाच बोटांचे काळपट ठसे उमटले होते आणि अंगठ्याचा ठसा थेट काठाला टेकला होता. माझ्या पोटात कालवलं.

मुलीला पट्टीवर उभं करून दोन्ही पावलं मोजली. डावं १३.१, उजवं १३.३. आईच्या मांडीवर बसवून डावं पुन्हा मोजलं, तर ते १२.७ भरलं. उभं राहिल्यावर अंगाचा भार पडतो आणि पाऊल पसरतं. या मुलीत तो फरक चार मिलिमीटरचा होता. जानेवारीत ती रडत होती म्हणून मी मांडीवरच माप घेतलं होतं, तेही एकट्या डाव्या पायाचं. म्हणजे ११ मिलिमीटर जागा कागदावरच होती. उभं राहण्याचे चार आणि उजव्या पायाचे दोन वजा केले, तर पहिल्याच दिवशी जेमतेम पाच उरत होते. या वयात पाऊल महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अडीच महिन्यांत चार गेले, उरला एक.

"पण ती रडली कशी नाही?" आईने विचारलं. इतक्या लहान पावलाची हाडं अजून बरीचशी कुर्चेचीच असतात, वर चरबीची गादी. आखूड बुटातही ते दबून बसतं आणि लेकराला दुखणं सांगता येत नाही. बुटाच्या टोकाला हाताचा अंगठा दाबून पाहण्यावरही मी भरवसा ठेवत नाही, कारण दाबलं की मुलं बोटं आत आखडून घेतात आणि जागा असल्याचा भास होतो. गादी बाहेर काढून तिच्यावर बाळाला उभं केलं की सगळं दिसतं. इथे तर करंगळीकडची कडही गादीबाहेर सांडत होती.

आजी म्हणाल्या, "मग २३ नंबरच द्या ना, वर्षभर पुरतील." मी त्यांना २३ घालूनच दाखवला. पाऊल जिथे वाकतं तिथे बूट वाकेना, त्याची घडी पुढे बोटांवर पडत होती. टाच दर पावलाला सुटत होती. जास्त दिवस पुरावेत म्हणून किंवा रुंदी पुरत नाही म्हणून लांबी वाढवली की हेच होतं.

मोठ्या पायाचे १३.३ आणि पुढे १२ मिलिमीटर, म्हणजे आतून १४.५ हवे होते. २२ नंबरच्या दोन जोड्या काढल्या. एकच नंबर, पण एक आतून १४.१ निघाली, दुसरी १४.५. दुसरीचं तोंड बोटांपर्यंत उघडत होतं आणि वेलक्रोचा पट्टा लांब होता. मुलीच्या फुगीर पायावर तो ताण न देता बसला. ती उभी असताना चवड्याच्या बाजूचं कापड चिमटीत धरलं, तर बारीक घडी आली. रुंदीला एवढी सैल जागा मला हवी असते.

मुलगी आरशाकडे चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. पाच मिनिटांनी बूट काढून कातडी पाहिली, कुठेही लाल वळ नव्हता. आईला म्हटलं, "ताई, घरात अनवाणीच चालू द्या. दोन दिवसांत अनवाणी पायानेही लंगडली, तर मात्र डॉक्टरांची वेळ चुकवू नका." जुन्या जोडीचे पैसे मी नव्या बिलातून वळते केले. आजी नको नको म्हणत होत्या, पण ते मला घेववत नव्हते.

त्या रात्री वहीत दोन रकाने आखले, डावा आणि उजवा, वर लिहिलं 'उभ्याने'. तिसऱ्या रकान्यात पुन्हा मोजायची तारीख, सहा आठवड्यांनंतरची. मेच्या उन्हात त्या तिघी आल्या तेव्हा उजवं पाऊल १३.५ भरलं, बुटात अजून एक सेंटिमीटर शिल्लक होता. पुढची तारीख लिहून मी त्यांना तशाच परत पाठवलं.