तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवार-रविवारचं काय?

"सोमवार ते शुक्रवार मोजून-मापून खाते. तरी दोन महिने काटा जागचा हलत नाही. माझं चयापचयच मंद आहे का?"

माझंही सहा महिने हेच चाललं होतं, आणि मीही चयापचयालाच दोष देत होते. मग एकदा शनिवार-रविवारसुद्धा वहीत लिहिला. तोवर ती दोन पानं कोरीच असायची. "आज सुट्टी", एवढंच.

वजन जिथल्या तिथे राहायला मला दिवसाला साधारण १९०० कॅलरी लागतात. हा आकडा तक्त्यातला नाही. वजन स्थिर होतं तेव्हा तीन आठवडे सगळं खाणं लिहून काढलेला आहे. आठवड्याचे पाच दिवस मी १५०० वर राहायचे. म्हणजे रोज ४०० वाचले, शुक्रवारपर्यंत २०००.

आता शनिवार बघा. आमच्याकडे शनिवारचा उपवास असतो. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट आणि तूप हात न आखडता घातलेलं: ५००. दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी: ६००. दिवसभरात साखरेचे तीन चहा मिळून २००. संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स, साधारण ५० ग्रॅम: आणखी २७०. रात्री उपवास सोडायला हॉटेलात. पनीर, दोन बटर नान, वर आइस्क्रीम. तिथले आकडे अंदाजाचेच, पण १२०० च्या खाली नक्कीच नाहीत. बेरीज २८०० च्या आसपास, म्हणजे ९०० जास्त. आणि हा उपवासाचा दिवस! रविवारी मिसळ, मटण, जेवणानंतर श्रीखंड, असे १००० जास्त. वाचवलेल्या २००० पैकी १९०० गेले. हाती राहिले १००.

यात एकही पदार्थ अघोरी नव्हता. सगळा घोळ तेलातुपाचा. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि ते ताटात दिसत नाही. सोमवारी मी फोडणीला चमचा मोजायचे, रविवारी तेलाची बरणी थेट कढईवर तिरकी व्हायची.

मग मी रोजचा हिशोब सोडून आठवड्याचा धरला. ११,२०० कॅलरी, म्हणजे सरासरी दिवसाला १६००. पाच दिवस पूर्वीसारखेच १५००, त्याचे ७५०० झाले. उरले ३७००. त्यातले १६०० शनिवारी आणि २१०० रविवारी. रविवारचं मटण तसंच राहिलं. हॉटेलचं जेवण आता आलंच तर रविवारी येतं, आणि त्या दिवशी घरी मटण शिजत नाही. शनिवारी खिचडी हेच दुपारचं जेवण, वेफर्स बंद. सासूबाई आठवडाभर नाराज होत्या, मग त्यांनीच कूट कमी केलं.

अशाने आठवड्याला २१०० ची तूट पडते. एक किलो चरबीला सुमारे ७७०० धरतात, त्या हिशोबाने पाव किलोच्या थोडं वर. कागदावर हे आधीच्या रोजच्या १५०० पेक्षा हळू आहे, पण आधीचं फक्त कागदावरच होतं.

दोन ठिकाणी माझी फसगत झाली. सुरुवातीला मी हावरटपणाने पाच दिवस ११०० वर आणले, म्हणजे रविवारी भरपूर उरतील. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आले आणि उभ्याउभ्या अर्धा डबा चिवडा संपवला. १६०० च्या सरासरीतून रोज शे-दीडशे वाचवणं झेपतं, त्याखाली चारशे-पाचशेची उपासमार शनिवारी व्याजासकट वसूल होते. उलटंही तसंच: रविवारी जास्त झालं म्हणून सोमवारी लंघन केलं की मंगळवार-बुधवार बिघडतो. साठवायचं ते आधी. नंतर फेडायला मी जात नाही, गेलेलं गेलं म्हणून लिहून टाकते. मधुमेहाचं इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर मात्र खाणं असं इकडचं तिकडे करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

दुसरी फसगत सोमवारच्या काट्याची. खारट आणि पिष्टमय जास्त खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. माझं सोमवारी सकाळी किलोभर सहज वाढलेलं दिसतं आणि बुधवार-गुरुवारपर्यंत उतरतं. त्यामुळे रोज सकाळी वजन करून मी सात दिवसांची सरासरी काढते आणि ती चार आठवडे मागच्या सरासरीशी ताडते. ती हलत नसेल, तर आधी शनिवार-रविवारची पानं खरी लिहिली आहेत का ते बघते. चव बघायला खाल्लेली भजीसुद्धा.

लग्नसराईत एका आठवड्यात दोन लग्नं आली की ११,२०० त बसवायचा मी प्रयत्नही करत नाही. त्या आठवड्याला १३,३०० लिहिते, म्हणजे रोजचे १९००, आणि जिलेबी खाते.