तुम्ही विचारलंत म्हणून: रेंडर आणि त्याखालची ओळ

"इमारतींचे संगणकावर काढलेले रेंडर हल्ली फोटोसारखेच दिसतात. पोर्टफोलिओच्या पानावर त्यातले कोणते ठेवायचे आणि खाली काय लिहायचं, म्हणजे बघणाऱ्याची फसगत होणार नाही?"

बहुतेकांना हा कॅप्शनचा प्रश्न वाटतो. मला तो आधी निवडीचा वाटतो. चित्रच जागेबद्दल चुकीचं सांगत असेल तर खाली "संकल्पनाचित्र" लिहिल्याने ते बरोबर होत नाही. चित्र लक्षात राहतं आणि ओळ विसरली जाते. त्यामुळे एखादं रेंडर खरं ठरवायला मोठा खुलासा लागणार असेल, तर मी खुलासा लिहीत बसत नाही, ते रेंडरच काढून टाकतो किंवा नव्याने करायला सांगतो.

एक उदाहरण घेऊन बोलतो. एका तरुण सहकाऱ्याचं पान आम्ही शेजारी बसून लावलं. प्रकल्प होता एका छोट्या वाचनालयाचा. तिघांनी मिळून स्पर्धेसाठी केलेला, बांधला न गेलेला. रेंडर भरपूर होते आणि दिसायला सगळेच देखणे.

सुरुवात मुलांच्या खोलीपासून केली. नकाशात ही खोली 3.6 मीटर रुंद आणि 4.5 मीटर खोल होती. रेंडरमध्ये मात्र ती एखाद्या हॉलसारखी दिसत होती. कॅमेऱ्याची सेटिंग उघडून पाहिली, तर लेन्स 16 मिलिमीटरची निघाली. यामागचं गणित सोपं आहे. सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी सहसा 36 मिलिमीटर धरलेली असते. समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराला 36 ने गुणायचं आणि लेन्सच्या आकड्याने भागायचं, की त्या अंतरावर चौकटीत किती रुंदी मावते ते कळतं. अलीकडच्या भिंतीला टेकून, साडेचार मीटरवरून 16 च्या लेन्सने पाहिलं तर सुमारे 10 मीटर रुंदी मावते. म्हणजे 3.6 मीटरची समोरची भिंत चित्राच्या जेमतेम एक तृतीयांश भागात बसते आणि डोळ्याला ती लांब गेल्यासारखी वाटते. तिथूनच 24 ची लेन्स लावली तर पावणेसात मीटर मावतात, भिंत अर्ध्याहून जास्त चित्र व्यापते आणि खोली तिच्या आकाराची दिसू लागते.

सेटिंग हाताशी नसली तरी हा ताण ओळखता येतो. चित्राच्या कडेला असलेली गोल वस्तू बघा. चेंडूसारखा गोल दिवा तिथे लंबगोल दिसत असेल, खुर्चीचा कोपरा बाहेर ओढल्यासारखा वाटत असेल, तर लेन्स फार रुंद आहे.

आतल्या दृश्यांसाठी मी 24 च्या खाली सहसा जात नाही, आणि कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, दीड-एक मीटरवर ठेवतो. त्याहून लांबची लेन्स लावायची तर दुसरी अडचण येते. 50 च्या लेन्समध्ये ही भिंत पूर्ण मावायला कॅमेरा 5 मीटर मागे न्यावा लागतो, म्हणजे खोलीच्या अर्धा मीटर बाहेर. आड येणारी भिंत कापून सॉफ्टवेअर ते सहज करून देतं. मला हे गैर वाटत नाही, कारण त्यात खोलीचं प्रमाण बिघडत नाही. पण त्या जागी माणूस कधीच उभा राहू शकणार नाही, म्हणून "अलीकडची भिंत वगळून घेतलेलं दृश्य" एवढं खाली लिहावंच. कॅप्शनचं काम इथे खरोखर आहे. 16 च्या लेन्सच्या चित्राला मात्र कुठलंही कॅप्शन पुरलं नसतं, ते आम्ही 24 वर पुन्हा काढलं.

दुसरं रेंडर मुख्य वाचनकक्षाचं, आणि सहकाऱ्याचं सर्वांत लाडकं. उंच काचेतून सोनेरी ऊन आत येतंय, फरशीवर चौकटींच्या लांब सावल्या पडल्या आहेत. गंमत अशी की त्याच पानावर वर नकाशा होता, नकाशावर दिशेचा बाण होता आणि ती काच उत्तरेला तोंड करून होती. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या वरच्या भागात, उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन येतं ते फक्त उन्हाळ्याकडच्या सहा महिन्यांत, तेही मुख्यतः सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा, भिंतीला घासून जाणारं. दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या भिंतीबाबत. इथे ऊन जवळजवळ समोरून आत येत होतं. स्थळाचा अक्षांश, तारीख आणि वेळ न भरता, चित्र छान दिसेल अशा कोनात सूर्य हाताने फिरवला की असं होतं.

मला याचं वाईट वाटलं ते वेगळ्या कारणासाठी. काच उत्तरेला ठेवण्यामागे या मंडळींचा विचार होता. वाचताना पानावर ऊन पडू नये, दिवसभर एकसारखा मऊ उजेड मिळावा. या डिझाइनमधली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट तीच होती आणि त्या सोनेरी रेंडरने नेमकी तीच पुसून टाकली होती. सूर्य खऱ्या जागी नेऊन आम्ही दृश्य पुन्हा काढलं. सावल्या गेल्या, चित्र शांत झालं, पहिल्या नजरेत थोडं फिकंही वाटलं. पण आता टेबलावरची उघडी पुस्तकं एकसारख्या उजेडात दिसत होती आणि चित्र नकाशाशी भांडत नव्हतं. पोर्टफोलिओ तपासणारा अनुभवी माणूस नकाशा आणि चित्र एकमेकांशी ताडून बघतोच. तिथे विसंगती सापडली की बाकीच्या पानांवरचा विश्वासही डळमळतो.

तिसरं बाहेरून घेतलेलं दृश्य. छताचा सज्जा खांबांशिवाय लांब बाहेर आलेला आणि कडेला कागदासारखा पातळ. अशा वेळी मी एकच विचारतो, ही जाडी कुणी काढली? उत्तर "मॉडेलमध्ये तेवढी ठेवली" असं आलं. संकल्पनेच्या टप्प्यावर संरचनेचं गणित झालेलं नसणं स्वाभाविक आहे, ते लपवायची गरज नाही. चित्र ठेवलं आणि खाली "छताची जाडी अंदाजे, संरचनेची गणना झालेली नाही" असं लिहिलं. जिन्याला कठडाच नसलेलं एक रेंडर होतं, ते मात्र काढलं. न ठरलेली गोष्ट सांगता येते. जी गोष्ट असणारच आहे आणि चित्र स्वच्छ दिसावं म्हणून गाळली आहे, तिचं समर्थन ओळीत होत नाही. पूर्ण वाढलेली झाडं, गायब केलेली शेजारची इमारत, भिंतीवर कुठेच न दिसणारे पाइप या सगळ्याला हीच कसोटी लावतो.

आता कॅप्शन. लंडनच्या नगरनियोजनात शहरातल्या महत्त्वाच्या दृश्यांवर नव्या इमारतीचा काय परिणाम होईल हे दाखवणाऱ्या चित्रांना 0 ते 3 अशा पातळ्या दिलेल्या आहेत. 0 पातळीचं चित्र फक्त जागा आणि आकार सांगतं, 1 मध्ये इमारत किती दिसेल तेही येतं, 2 मध्ये वास्तुरूप येतं आणि 3 मध्ये साहित्यही. पोर्टफोलिओला एवढी शिस्त कुणी मागत नाही, पण त्यामागची दृष्टी मला फार उपयोगी वाटते. चित्र कोणत्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलतंय आणि कोणत्या गोष्टीबद्दल नाही, हे त्यानेच सांगायचं. विटांचं टेक्स्चर लावलेलं रेंडर "भिंत विटांची असेल" असं ठाम सांगतं. तुमचं साहित्य ठरलं नसेल, तर ते रेंडर पांढऱ्या मातीच्या मॉडेलसारखं, टेक्स्चरशिवाय काढणं जास्त खरं.

वाचनकक्षाखाली शेवटी आम्ही हे लिहिलं: "संकल्पना, बांधलेली नाही. स्पर्धेसाठी, तिघांचा गट. रेंडर: वाचनकक्ष, उत्तरेचा उजेड, मार्चमधली दुपार. नियोजन आणि छेद माझे, मॉडेल आणि रेंडर सहकाऱ्याचे. खुर्च्या तयार संग्रहातल्या."

"संकल्पना, बांधलेली नाही" हे सुरुवातीला आहे, कारण फोनच्या पडद्यावर मजकूर कापला जातो आणि जे शेवटी असतं ते जातं. कुणाचं काम कुठलं हेही त्याच ओळीत आहे. "गटप्रकल्प" एवढंच लिहिलं की बघणारा सगळं श्रेय पानाच्या मालकाला देऊन मोकळा होतो. सहकाऱ्याचं नाव द्यायचं तर त्याला विचारून द्यावं. आणि खुर्च्या. तयार मॉडेल वापरण्यात काहीच वावगं नाही, पण फर्निचर डिझाइनचं काम शोधणाऱ्याच्या पानावर ती एक ओळ नसेल, तर त्या खुर्च्या त्यानेच केल्या असं कुणीही समजेल.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. "मुलं इथे बसून वाचतात" हे न बांधलेल्या जागेबद्दल लिहिता येत नाही. "मुलांना इथे बसून वाचता यावं अशी पायरी" असं लिहिलं की वाक्य खरं होतं आणि हेतूही कळतो. डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्यांसाठी चित्रामागे जो पर्यायी मजकूर असतो, तिथे हे सर्वांत जास्त निसटतं. "वाचनालयात बसलेली मुलं" एवढंच तिथे लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. त्या वाचकासाठी ती इमारत उभी आहे! तो मजकूर "रेंडर:" ने सुरू करावा.

कॅप्शन चित्राच्या लगेच खाली, नेहमी दिसणारं असावं. माउस नेल्यावर उमटणारी ओळ फोनवर दिसत नाही, आणि फिक्या राखाडी बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचत नाही. पानाची लिंक कुणाला पाठवली की मुखपृष्ठाचं चित्र एकटंच पुढे जातं, त्याच्याबरोबर कॅप्शन जात नाही. म्हणून मुखपृष्ठासाठी आम्ही देखणं वाचनकक्ष न घेता इमारत मधोमध कापून दाखवणारं छेद-दृश्य घेतलं. ते कुणाला फोटो वाटणं शक्यच नाही, आणि उत्तरेचा उजेड आत कसा उतरतो तेही त्यात दिसतं. फोटोसारखंच चित्र मुखपृष्ठाला हवं असेल, तर "संकल्पना" हा शब्द चित्राच्या कोपऱ्यातच, वाचता येईल एवढा मोठा बसवावा.

प्रकल्प पुढे प्रत्यक्ष बांधला गेला, तर जुनं रेंडर घाईने काढून टाकू नका. शक्य तितक्या त्याच जागेवरून फोटो घ्या, दोन्ही शेजारी ठेवा, दोन्हींखाली वर्ष घाला आणि काय बदललं ते सरळ लिहा: काचेचा कठडा सळ्यांचा झाला, छताची जाडी वाढली, काच दोन भागांत करावी लागली. काम देण्यासाठी पान बघणारा माणूस माझ्या अनुभवात तिथे सर्वांत जास्त वेळ थांबतो, आणि बैठकीत पहिला प्रश्न त्या बदलांबद्दलच विचारतो.